इन्सिडन्ट नेमके किती कमी झाले? माझं डेव्हऑप्स प्रोफाइल नव्याने लिहिताना

नोकरी बदलायचं ठरलं तेव्हा जुनं प्रोफाइल उघडलं. वरच्या परिच्छेदात जेनकिन्स, डॉकर, क्युबरनेटिस, टेराफॉर्म, अॅन्सिबल, प्रोमिथियस, ग्राफाना अशी नावं एकापाठोपाठ एक लागली होती, आणि शेवटी 'इत्यादी'. आमच्या क्षेत्रात बहुतेकांची प्रोफाइलं अशीच दिसतात. काम बदलत जातं, दरवेळी दोन नावं वाढतात, कमी मात्र एकही होत नाही.

भरतीच्या मुलाखती घेणाऱ्या एका जुन्या वरिष्ठ सहकाऱ्यांना ते वाचायला दिलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यातलं तू निवडलेलं कोणतं, आणि तू आलीस तेव्हा आधीपासून होतं ते कोणतं?" उत्तर द्यायला मला वेळ लागला, यावरूनच परिच्छेदाचं काय करायचं ते कळलं.

मग मी प्रत्येक नावापुढे 'कारण' घालून एक वाक्य लिहायला घेतलं. टेराफॉर्म वापरलं, कारण चाचणीचं वातावरण आणि प्रॉडक्शन यांच्यात हाताने केलेले फरक साचले होते आणि 'चाचणीत चाललं, प्रॉडक्शनमध्ये पडलं' हे वारंवार होत होतं. हे वाक्य जमलं. अॅन्सिबल वापरलं, कारण... इथे गाडी अडली. ते आधीपासून होतं, मी चार प्लेबुक दुरुस्त केली होती, एवढंच. ज्या नावापुढे कारण सुचलं नाही ते वरच्या भागातून काढलं. पूर्ण फेकलं मात्र नाही. भरती करणारे लोक शोधताना साधनांची नावंच टाकतात, त्यामुळे नावं कुठेतरी असावीच लागतात. प्रोफाइलच्या तळाशी दोन ओळींत ती ठेवली, आणि अट एकच घातली: ज्यावर दहा मिनिटं बोलता येईल तेच नाव. यादी निम्म्याहून कमी झाली.

वरची जागा मोकळी झाल्यावर तिथे काय येणार हे उघड होतं: पाइपलाइन किती वेगवान झाली, सेवा किती उपलब्ध राहिली आणि इन्सिडन्ट किती कमी झाले. तीन ओळी. संध्याकाळभरात होईल असं वाटलं होतं.

पाइपलाइनची ओळ त्यातल्या त्यात सोपी निघाली. मुख्य सेवेच्या बिल्डला मी हात घातला तेव्हा कोड मर्ज झाल्यापासून चाचणी-वातावरणात पोहोचेपर्यंत साधारण ४८ मिनिटं लागत. टप्प्यांच्या वेळा वेगळ्या काढल्या तर १९ मिनिटं इमेज बांधण्यात, २२ मिनिटं टेस्टमध्ये आणि ७ मिनिटं बाकीच्या कामात जात होती. इमेजचं दुखणं डॉकरफाइलमधल्या ओळींच्या क्रमात होतं. सगळा कोड आधी कॉपी होत होता आणि मग पॅकेजेस उतरत होती. डॉकर प्रत्येक पायरीचा थर जपून ठेवतो, पण एखाद्या पायरीत काही बदललं की तिच्यापुढचे सगळे थर पुन्हा बांधतो. त्यामुळे कुणी एका फाइलमधला एक शब्द बदलला तरी सगळी पॅकेजेस नव्याने उतरत. क्रम बदलून असा केला:

```
COPY package.json package-lock.json ./
RUN npm ci
COPY . .
```

आता पॅकेजेसची यादी बदलली तरच दुसरी पायरी चालते. दर वेळी कोऱ्या रनरवर बिल्ड होत असेल तर हा थर बाहेर कुठेतरी साठवून परत आणावा लागतो, नाहीतर क्रम बदलूनही फायदा शून्य. आमचे रनर कोरेच असत, म्हणून कॅश रजिस्ट्रीत ठेवली. इमेज १९ वरून ५ मिनिटांवर आली.

टेस्ट चार रनरवर वाटल्या. सुरुवातीला फाइलींच्या संख्येनुसार समान वाटणी केली होती, पण एका रनरच्या वाट्याला सगळ्या संथ डेटाबेस-टेस्ट आल्या आणि बाकीचे तीन रनर त्याची वाट बघत बसले. मागच्या रनमधला प्रत्येक फाइलचा वेळ घेऊन वाटणी केल्यावर २२ ची ७ झाली. उरलेली ७ मिनिटं होती तशीच राहिली. एकूण १९.

प्रोफाइलमध्ये '४८ वरून १९ मिनिटं' लिहिताना दोन गोष्टी तपासल्या. आकडा मध्यकाचा आहे, सगळ्यात चांगल्या रनचा नाही. आणि रनर मोकळा होण्याची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरलेला आहे. अनेक डॅशबोर्ड तो वेळ वगळतात, पण कोड लिहिणाऱ्या माणसाला घड्याळ एकच असतं.

उपलब्धतेच्या ओळीने जास्त दमवलं. आमच्या बाहेरच्या निरीक्षण-सेवेच्या अहवालात सेवा वर्षभर ९९.९८ टक्के चालू दिसत होती. माझं काम सुरू होण्याआधीही ९९.९८ आणि नंतरही ९९.९८. म्हणजे मी काहीच केलं नाही असं त्यावरून निघत होतं, आणि त्याच काळात आमच्या ऑन-कॉलवाल्यांची झोप उडालेली होती हेही खरं.

कारण पाहिलं तर ती निरीक्षण-सेवा दर मिनिटाला `/health` या पत्त्यावर टकटक करत होती. तिथला कोड प्रोसेस जिवंत आहे एवढंच सांगत असे. डेटाबेसची जोडणी संपली, लोकांना चुका दिसू लागल्या, तरी तिथून २०० च परत यायचं. शिवाय दोन टकटकींच्या मधली चाळीस सेकंदांची पडझड तिला कधी कळलीच नसती. म्हणून मोजायचं ठरवलं ते वेळ नाही, विनंत्या: आलेल्या दर दहा हजार विनंत्यांपैकी किती आमच्या बाजूने अपयशी ठरल्या.

मागचा डेटा काढायला प्रोमिथियसकडे गेले तर तिथे जुनं काहीच नव्हतं. मुद्दाम वाढवली नाही तर प्रोमिथियस आपली साठवण १५ दिवसच ठेवतो, आणि आमच्याकडे ती कुणी वाढवलेली नव्हती. सुदैवाने लोड बॅलन्सरचे अॅक्सेस लॉग स्वस्त साठवणीत पडून होते. पुढे लक्षात आलं की हा स्रोत प्रोमिथियसपेक्षा चांगलाच होता. अॅप्लिकेशनच्या आतून काढलेली मापं अॅप्लिकेशनपर्यंत पोहोचलेल्या विनंत्यांचीच असतात. लोड बॅलन्सरने दारातूनच ५०२ देऊन परत पाठवलेली विनंती त्यांच्या हिशेबात येतच नाही. लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये मात्र दोन रकाने असतात: एक लोड बॅलन्सरने ग्राहकाला काय दिलं त्याचा आणि दुसरा मागच्या सर्व्हरने काय दिलं त्याचा. मला पहिला हवा होता. प्रत्येक तिमाहीसाठी तारखांची अट घालून हे चालवलं:

```
SELECT count_if(elb_status_code >= 500)
       * 10000.0 / count(*)
FROM alb_logs
```

आधीच्या तिमाहीत उत्तर आलं ३८, कामानंतरच्या तिमाहीत ९. टक्क्यांत सांगायचं तर ९९.६२ वरून ९९.९१. प्रोफाइलमध्ये मी टक्के ठेवलेच नाहीत. 'दर दहा हजारांत ३८ वरून ९' वाचणाऱ्याला पटकन दिसतं, आणि कशातून मोजलं हेही त्याच वाक्यात सांगता येतं.

थोडं विषयांतर, पण करायलाच हवं. 'चार नऊ' म्हणजे ९९.९९ टक्के, हे अनेक प्रोफाइलांत सहज लिहिलेलं असतं. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.९ टक्क्यांत त्यातली ४३ मिनिटं बंद राहायची मुभा मिळते, ९९.९९ टक्क्यांत चार मिनिटं आणि काही सेकंद. महिनाभरात चार मिनिटं! रात्री पेजर वाजून माणूस लॅपटॉप उघडेपर्यंतच ती संपतात. म्हणजे हा दावा करणाऱ्याकडे माणसाशिवाय सावरणारी व्यवस्था असली पाहिजे, आणि मुलाखत घेणारा त्याबद्दलच विचारणार. जिथे ती नाही तिथे तो आकडा लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

आता इन्सिडन्ट. तिकिटांच्या व्यवस्थेतून दोन सहामाह्यांचे आकडे काढले: आधी ४१, नंतर १७. जवळजवळ ५९ टक्के घट. '६० टक्के' लिहिण्याचा मोह कुणालाही होईल.

फक्त मधल्या काळात टीमने एक नियम बदलला होता. सगळ्यात खालच्या गंभीरतेची तिकिटं, म्हणजे कुणालाही त्रास न झालेली 'हे बघून ठेवा' छाप तिकिटं, इन्सिडन्टमधून काढून साध्या कामांच्या रांगेत टाकली होती. निर्णय योग्य होता, पण आधीच्या ४१ मध्ये तशी १३ तिकिटं होती. तीच व्याख्या मागे लावली तर आधीचे २८ उरतात. २८ वरून १७, म्हणजे ३९ टक्के. साठाचे एकोणचाळीस झाले.

मग ती २८ आणि १७ तिकिटं एकेक करून वाचली आणि कारणांप्रमाणे वेगळी केली. आधीच्या सहामाहीत ११ रिलीजमुळे झालेली, ६ डिस्क भरल्यामुळे किंवा सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे, ५ बाहेरच्या सेवा पडल्यामुळे आणि ६ किरकोळ. नंतरच्या सहामाहीत तेच आकडे अनुक्रमे ४, १, ६ आणि ६. बाहेरच्या सेवांमुळे झालेले इन्सिडन्ट एकाने वाढलेलेच होते, आणि किरकोळ जिथल्या तिथे. म्हणजे माझ्या कामाचा परिणाम पहिल्या दोन ओळींत होता, आणि श्रेय तिथेच मागायचं.

त्यातही पहिली ओळ नुसती '११ वरून ४' लिहिली तर निम्मी गोष्ट राहून जाते. आधी आम्ही पंधरवड्यातून एकदा रिलीज करायचो, मध्येच तातडीच्या दुरुस्त्या, असे सहामाहीत २६ रिलीज झाले होते. पाइपलाइन हलकी झाल्यावर लोक लहान लहान बदल सोडू लागले आणि तो आकडा ९६ वर गेला. २६ पैकी ११ म्हणजे ४२ टक्के रिलीजनी काहीतरी पाडलं होतं, ९६ पैकी ४ म्हणजे ४ टक्के. डोरा नावाच्या संशोधन गटाने रूढ केलेल्या मापांपैकी हे एक आहे, बदल-अपयशाचं प्रमाण. रिलीज जवळपास चौपट झाले आणि तरी पडझड कमी झाली, हे एका वाक्यात मावतं. ६० टक्क्यांच्या मोहात राहिले असते तर हा आकडा दिसलाच नसता.

हे झालं कसं, हेही एका वाक्यात लिहायचं होतं. नवी आवृत्ती आधी ५ टक्के विनंत्यांना द्यायची, दहा मिनिटं तिच्या चुकांचं प्रमाण जुनीशी ताडून बघायचं आणि जास्त दिसलं तर आपोआप मागे घ्यायचं, अशी ती रचना. याला मर्यादा आहे. रात्री तुरळक विनंत्या येतात तेव्हा ५ टक्क्यांत इतक्या थोड्या पडतात की दोन-चार चुकांनी प्रमाण उगाच उडतं. म्हणून किमान विनंत्यांचा उंबरठा घातला. तेवढ्या विनंत्या जमल्या नाहीत तर निर्णय माणूस घेतो.

रिलीज वाढल्यावर एक जुनाच त्रास वर आला, आणि प्रोफाइलमधलं क्युबरनेटिसचं नाव ज्या वाक्यामुळे टिकलं ते यातून आलं. प्रत्येक रिलीजच्या वेळी काही सेकंद ५०२ दिसायचे. पंधरवड्यातून एकदा असताना कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, दिवसाआड व्हायला लागल्यावर आलेखात दात दिसू लागले. क्युबरनेटिस जुना पॉड बंद करतो तेव्हा त्याला थांबण्याची सूचना देणं आणि वाटपाच्या यादीतून त्याचं नाव काढणं ही दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. एक दुसऱ्याची वाट बघत नाही. आमचा अॅप्लिकेशन सूचना मिळताच आज्ञाधारकपणे बंद व्हायचा, आणि यादी जुनी असल्यामुळे विनंत्या अजून त्याच्याच दाराशी येत राहायच्या. `preStop` मध्ये काही सेकंदांचा थांबा घातला, तेवढ्यात यादी अद्ययावत होते आणि मग पॉड बंद होतो. हा थांबा एकूण मुदतीत धरला जातो. ती मुदत मुळात ३० सेकंदांची असते, त्यामुळे हातातल्या विनंत्या संपवायला जास्त वेळ लागत असेल तर ती वाढवावी लागते, हे ज्याच्या कामाला येईल त्याच्यासाठी.

डिस्क आणि सर्टिफिकेटची गोष्ट लगेच सांगून होते: मुदत संपायच्या तीन आठवडे आधी तिकीट आपोआप उघडतं, आणि लॉगना आकाराची मर्यादा आहे. प्रोफाइलमध्ये त्याला अर्धं वाक्यही दिलं नाही. अशा कामांना कुणी टाळ्या वाजवत नाही, पण सहाचा एक त्यांनीच केला.

लिहिताना 'मी' आणि 'आम्ही' यांवर बराच वेळ गेला. टप्प्याटप्प्याने रिलीज करण्याची रचना आणि ती मागे घेण्याचे नियम माझे होते. टेस्टची वाटणी दुसऱ्या सहकाऱ्याने लिहिली होती, मी मोजमाप आणि तपासणी केली होती. तिथे 'टीमसोबत' हा शब्द घातला. मुलाखतीत "वाटणी कशी केलीत?" असं विचारलं तर मला नीट सांगता येतं, पण कोडच्या एखाद्या बारकाव्यावर अडकायची पाळी येऊ नये. कंपनीचे आकडे बाहेर नेण्याआधी व्यवस्थापकांना विचारलं. गुणोत्तरं आणि काळ चालतील, विनंत्यांची एकूण संख्या, ग्राहकांची नावं, अंतर्गत सर्व्हरची नावं आणि खात्यांचे क्रमांक नकोत, असं ठरलं. इन्सिडन्टचे नुसते आकडे त्यांनी थोडा विचार करून मान्य केले.

प्रोफाइल अर्थात इंग्रजीत आहे. वरचा भाग मराठीत सांगायचा तर असा झाला:

"मुख्य सेवेच्या रिलीज-पाइपलाइनची जबाबदारी. टीमसोबत बिल्ड ते चाचणी-वातावरण हा वेळ ४८ वरून १९ मिनिटांवर आणला (मध्यक, रांगेतला वेळ धरून). ५ टक्के विनंत्यांवर तपासून आपोआप मागे घेणारी रिलीज-पद्धत उभी केली. सहा महिन्यांत रिलीज २६ वरून ९६ झाले आणि इन्सिडन्ट घडवणाऱ्या रिलीजचं प्रमाण ४२ वरून ४ टक्क्यांवर आलं. लोड बॅलन्सरच्या लॉगनुसार अपयशी विनंत्या दर दहा हजारांत ३८ वरून ९. क्युबरनेटिसवर रिलीजच्या वेळी येणारे ५०२ पॉड बंद होण्याचा क्रम सुधारून घालवले. चाचणी आणि प्रॉडक्शन वातावरणं टेराफॉर्ममध्ये आणून त्यांच्यातले हाताने केलेले फरक संपवले."

साधनांची नावं मोजून दोनच, आणि दोन्ही काहीतरी करताना दिसतात. एकूण इन्सिडन्टचे २८ आणि १७ मी शेवटी वगळले. ते खोटे नव्हते, पण त्यातला निम्मा भाग माझ्या हातात नव्हता आणि विचारणाऱ्याला सगळी फोड सांगावी लागली असती. याबाबत ते वरिष्ठ सहकारी सहमत नव्हते. त्यांच्या मते एकूण आकडा पाहिल्याशिवाय वाचणाऱ्याला मोठं चित्र कळत नाही. त्यांचंही चुकीचं नाही, पण जागा थोडी होती.

पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी ४ टक्क्यांवर बोट ठेवलं. "ते चार कोणते? तुमची व्यवस्था मागे घेते ना, मग ते का सुटले?" मी ती तिकिटं वाचलेली होती म्हणून निभावलं. त्यातले तीन डेटाबेसच्या रचनेतल्या बदलांचे होते. आपोआप मागे घेतली जाते ती इमेज. रकान्याचं नाव एकदा बदललं की जुनी आवृत्ती परत आली तरी तिला जुना रकाना सापडत नाही, उलट मागे घेतल्यावरच पडझड वाढते. त्यावरचा उपाय माहीत होता आणि नंतर तो सुरूही केला: नवा रकाना आधी नुसता जोडायचा, काही काळ दोन्हींत लिहायचं, आधीचा डेटा नव्यात भरायचा, वाचन नव्याकडे वळवायचं आणि जुना नंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये काढायचा. एका बदलाचे तीन-चार रिलीज होतात, म्हणून टीमचा त्याला विरोध होता. तो कसा मिटवला हे त्यांना ऐकायचं होतं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही फक्त त्यावर बोललो.